खालचा टॅक्स वर कसा आणायचा? स्क्रीन रेकॉर्डिंगमधला कॉलआउट

अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्याचं ऑफिस आहे. तिथे बिलं करणाऱ्या काकांसाठी मी चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ केला होता. विषय एवढाच होता की गिऱ्हाईक कर्नाटकातलं असेल तर बिलात राज्य बदलायचं, म्हणजे टॅक्स आपोआप बदलतो. सोलापुरात हा प्रसंग रोजचाच. विजयपूर इथून शंभरेक किलोमीटर, आणि माल तिकडे गेला की सीजीएसटी-एसजीएसटी जाऊन आयजीएसटी येतो. व्हिडिओ पाठवला आणि दहा मिनिटांत काकांचा फोन आला.

"मॅडम, वर तुम्ही काहीतरी दाबलं ते कळलं. खाली काय झालं ते दिसंना की ओ."

काकांचं म्हणणं खरं होतं. राज्य निवडायची चौकट स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, आणि बदललेला टॅक्स खालच्या उजव्या कोपऱ्यात. मी वर क्लिक केलं तेव्हा पाहणाऱ्याची नजर माझ्या माऊसच्या बाणावर होती. खालचे आकडे तेवढ्यात बदलून मोकळे झाले. शिवाय ते आकडे एवढे बारीक, की नजर गेली असती तरी उपयोग नव्हता.

किती बारीक, ते मोजता येतं. रेकॉर्डिंग 1920 पिक्सेल रुंद आणि 1080 उंच आहे. त्यातला टॅक्सचा आकडा मी मोजला, तो 14 पिक्सेल उंच निघाला. काका फोन उभा धरतात. उभ्या फोनची काच साधारण 7 सेंटिमीटर रुंद, म्हणजे 70 मिलिमीटरमध्ये 1920 पिक्सेल बसवायचे. हिशेब केला की आकड्याची उंची येते जेमतेम अर्धा मिलिमीटर. साखरेचा दाणासुद्धा त्याहून मोठा असतो.

यावर पहिला उपाय सुचतो तो झूम. त्या क्षणी अख्खं चित्र मोठं करत खालच्या उजव्या कोपऱ्याकडे न्यायचं. पण इथे त्याने घोटाळा होतो. आकडे मोठे दिसतात, मात्र राज्य निवडायची चौकट चित्राबाहेर जाते. कर्नाटक निवडल्यामुळे टॅक्स बदलला, हा कार्यकारणभावच प्रेक्षकाच्या नजरेतून निसटतो. आधी वर झूम आणि मग खाली झूम केलं तर पाहणाऱ्याला गरगरतं.

म्हणून कॉलआउट. रेकॉर्डिंगची एक प्रत मूळ रेकॉर्डिंगच्या वर ठेवायची, त्या प्रतीतला फक्त टॅक्सचा तुकडा कापून ठेवायचा, तो मोठा करायचा आणि चित्रात हवा तिथे, म्हणजे आपल्या बाबतीत राज्याच्या चौकटीला खेटून, आणून बसवायचा. लोक कॉलआउटला भिंग समजतात. भिंग जिथे धराल तिथलंच मोठं करून दाखवतं. कॉलआउट मात्र लांबची जागा उचलून जवळ आणतो. कारण आणि परिणाम शेजारी शेजारी दिसतात, हा त्याचा खरा फायदा. मोठं दिसणं हे त्यासोबत मिळतं.

आणि हा तुकडा म्हणजे व्हिडिओच असतो, फोटो नव्हे. काही जण स्क्रीनशॉट कापून चिकटवतात. मग वर कर्नाटक निवडलं तरी चौकटीत जुनाच टॅक्स दिसत राहतो. आपल्याला तो बदलताना दाखवायचाय, म्हणून रेकॉर्डिंगचीच प्रत हवी.

मी हे शॉटकट या व्हिडिओ एडिटरमध्ये करते. फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. दुसऱ्या एडिटरमध्ये बटणांची नावं वेगळी असतील, पण कापणं, मोठं करणं आणि सरकवणं ही तीन कामं सगळीकडे तीच.

सुरुवात आकडे टिपण्यापासून. रेकॉर्डिंगमधली एक फ्रेम चित्र म्हणून बाहेर काढायची आणि विंडोजच्या पेंटमध्ये उघडायची. माऊस फिरवला की खालच्या पट्टीत त्या जागेचे दोन अंक दिसतात: डावीकडून किती पिक्सेल आणि वरून किती. माझ्या टॅक्सच्या तुकड्याचा वरचा डावा कोपरा 1400, 820 असा आला. तुकडा 400 रुंद आणि 160 उंच. तो अडीच पट मोठा केला की 1000 बाय 400 होतो. राज्याची यादी उघडल्यावर ती डावीकडून 700 पर्यंत जागा खाते, म्हणून मोठा तुकडा मला 760, 160 इथून सुरू करायचा होता. म्हणजे तो आडवा 1760 पर्यंत आणि उभा 560 पर्यंत जातो. खालची मूळ टॅक्सची जागा झाकली जात नाही, हे इथेच तपासून घेतलेलं बरं.

आता टाइमलाइन. खालच्या `V1` ट्रॅकवर मूळ रेकॉर्डिंग. त्यातला कॉलआउट दिसायला हवा तेवढाच भाग, माझ्या बाबतीत 12.5 सेकंदांपासून 18 सेकंदांपर्यंत, कापून त्याची प्रत वरच्या `V3` ट्रॅकवर बरोबर त्याच वेळेवर ठेवायची. मधला `V2` मोकळा सोडायचा, तिथे पिवळी किनार येणार आहे.

वरच्या प्रतीवर पहिला फिल्टर `Crop: Rectangle`. त्यात जागा 1400, 820 आणि आकार 400, 160. कापल्यावर उरलेला भाग पारदर्शक हवा, म्हणून `Padding color` पारदर्शक आहे ना, ते बघायचं. तो काळा असेल तर अख्खं चित्र काळं होतं आणि मधे एवढीशी खिडकी उरते. दुसरा फिल्टर `Size, Position & Rotate`. बहुतेक जण इथेच अडकतात. पहिल्या वेळी माझाही अर्धा तास इथेच गेला.

मनात असं येतं की तुकडा कापलाय, आता त्याचा आकार 1000 बाय 400 द्यायचा आणि जागा 760, 160. तसं केलं की तुकडा मोठा होण्याऐवजी लहान होतो आणि भलतीकडे दिसतो. कारण कापलं तरी एडिटरच्या लेखी ती अजून पूर्ण 1920 बाय 1080 ची काच आहे. आपण फक्त काचेचा बाकीचा भाग पारदर्शक केलाय. पतंगाच्या मोठ्या कागदावर एका कोपऱ्यात छोटं चित्र असावं, तसं. चित्र हलवायचं तर कागद हलवावा लागतो, आणि चित्र मोठं करायचं तर कागद मोठा करावा लागतो.

म्हणून आकार द्यायचा तो अख्ख्या काचेचा: 1920 गुणिले अडीच म्हणजे 4800, आणि 1080 गुणिले अडीच म्हणजे 2700. काच मोठी झाली की तुकड्याचा कोपराही तेवढ्याच पटीत दूर जातो. 1400 चे होतात 3500, आणि 820 चे 2050. तो तर चित्राच्या पार बाहेर गेला. मला तो 760, 160 वर हवाय, म्हणून काच मागे ओढायची: 760 उणे 3500 म्हणजे उणे 2740, आणि 160 उणे 2050 म्हणजे उणे 1890. फिल्टरमध्ये जागा लिहायची −2740, −1890 आणि आकार 4800, 2700. तुकडा नेमका जागेवर येतो.

सूत्र म्हणून लिहायचं तर एवढंच:

```
नवी जागा = हवी जागा − (मूळ जागा × पट)
```

आडव्यासाठी एकदा आणि उभ्यासाठी एकदा. तुकडा गायब झाला तर बहुधा उणे चिन्ह राहिलेलं असतं.

एक सूचना. काही एडिटर कोपऱ्याऐवजी मध्यापासून मोजतात. तिथे हेच सूत्र चालतं, फक्त सगळ्या जागा चित्राच्या मध्यापासून, म्हणजे 960, 540 पासून मोजायच्या. माझ्या तुकड्याचा मध्य 1600, 900 वर आहे, म्हणजे मध्यापासून 640, 360. अडीच पट केले की 1600, 900. हवा असलेला मध्य 1260, 360 वर, म्हणजे मध्यापासून 300, −180. वजाबाकी केली की −1300, −1080. काही ठिकाणी वरची दिशा अधिक धरतात, तेव्हा उभ्या आकड्याचं चिन्ह उलटतं. तुकडा आडवा बरोबर आला पण वर-खाली चुकला, तर तेच कारण समजा.

हाताने ओढूनही बसवता येतं, नाही असं नाही. पण एका व्हिडिओत असे चार कॉलआउट असले आणि प्रत्येक चौकट दोन-चार पिक्सेल इकडे-तिकडे झाली, तर चौकट उडी मारताना दिसते. आकडे लिहिले की सगळे एका रेषेत बसतात.

आता किनार. किनार नसेल तर पांढऱ्या बिलावर पांढरा तुकडा मिसळून जातो आणि बिलातच काहीतरी उगवल्यासारखं वाटतं. मोकळ्या `V2` वर पिवळ्या रंगाची साधी क्लिप ठेवायची आणि तिला `Crop: Rectangle` लावून तुकड्यापेक्षा चहूबाजूंनी 6 पिक्सेल मोठी चौकट कापायची: जागा 754, 154 आणि आकार 1012, 412. वर तुकडा बसला की पिवळी कड तेवढी उरते. काही जण खालचं चित्र अंधारं करून तुकडा उठवतात. एरवी ते छान दिसतं, पण इथे काकांना राज्याची यादीही बघायची आहे, आणि ती खालच्याच चित्रात आहे. मी अंधार केलाच नाही. जिथे खालचं काहीच वाचायचं नसेल तिथे `Brightness` 60 टक्क्यांवर आणलं तर चालतं.

मूळ जागेवरही एक बारीक चौकट दिली, म्हणजे वरचा मोठा तुकडा कुठून आला ते कळतं. त्यासाठी हाच प्रकार पुन्हा करायचा: आणखी एक पिवळी क्लिप आणि तिच्यावर त्याच जागेची प्रत, पण मोठी न करता, फक्त कापलेली. ट्रॅक पाच झाले. टाइमलाइन बघून घाबरायला होतं, पण आत दोनच गोष्टी दोन-दोनदा आहेत.

वेळेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त व्हिडिओ वेळेवरच बिघडतात. माझं क्लिक 14 व्या सेकंदाला आहे. मी चौकट 12.5 ला आणते, म्हणजे क्लिकच्या दीड सेकंद आधी. माझं बिल होतं 200 रुपयांच्या 100 टॉवेलांचं, 20,000 रुपयांचं, टॅक्स 5 टक्के. पाहणाऱ्याने आधी "सीजीएसटी 500, एसजीएसटी 500" हे शांतपणे वाचायला हवं. मग शेजारी कर्नाटक निवडलं जातं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत दोन ओळी जाऊन "आयजीएसटी 1000" अशी एक ओळ येते. जुना आकडा वाचलेलाच नसेल तर काय बदललं ते कसं कळणार? क्लिक झाल्यावर चौकट आणली तर नुसता नवा आकडा दिसतो, बदल दिसत नाही. आणि बदलानंतर ती किमान तीन-चार सेकंद राहू द्यायची. आपल्याला बिल पाठ असतं, म्हणून आपल्याला एक सेकंद पुष्कळ वाटतो.

चौकट झपकन न येता हलकेच यावी म्हणून `Fade In Video` लावतात. साधारण 10 फ्रेम पुरे. पण शॉटकटमध्ये हा फिल्टर मुळात काळ्यातून चित्र उजळवतो, त्यामुळे आधी काळी चौकट येते आणि मग आकडे. फिल्टरमध्ये पारदर्शकता बदलण्यासाठी टिक करायची जागा आहे, ती टिक केली की काळेपणा जातो. पिवळ्या क्लिपलाही तोच फिल्टर द्यायला विसरू नका, नाहीतर आकड्यांआधी पिवळा ठोकळा दिसतो.

बिघाड ओळखायची एक सोपी खूण आहे: आवाज. प्रत केली की तिच्याबरोबर आवाजाचीही प्रत होते. दोन्ही प्रती अगदी एका वेळेवर असतील तर तेवढ्या भागात माझा आवाज नुसताच मोठा होतो. तीन-चार फ्रेम पुढेमागे असतील तर आवाज घुमल्यासारखा येतो, विहिरीत बोलल्यासारखा. म्हणून वरचा ट्रॅक मी लगेच म्यूट करत नाही. आधी एकदा ऐकते. घुमलं तर प्रत सरकलेली आहे, ती जुळवते, आणि मगच म्यूट करते. आधीच म्यूट केलं तर सरकलेली प्रत तशीच राहते, आणि वर क्लिक होण्याआधीच चौकटीत टॅक्स बदललेला दिसतो. रेकॉर्डिंगला आवाज नसेल तर माऊस त्या जागेतून जातो तिथे बघायचं: मूळ जागेतला बाण आणि चौकटीतला बाण एकाच वेळी हलले पाहिजेत.

मर्यादा आहेत. मोठं केल्याने नवे पिक्सेल तयार होत नाहीत. अडीच पट म्हणजे एका पिक्सेलच्या जागी सहाच्या वर पिक्सेल भरायचे, ते एडिटर अंदाजाने भरतो. त्यामुळे अक्षरांच्या कडा मऊ होतात. दोन पटीला चालतं, अडीचला सोसतं, चार पटीला अक्षरं धुक्यात बुडतात. रंगीत अक्षरांचं तर त्याहून वाईट. नेहमीच्या व्हिडिओ फाइलमध्ये उजेड पूर्ण बारकाव्याने साठवलेला असतो, पण रंगाची माहिती आडवी आणि उभी निम्मीच ठेवतात. डोळ्याला एरवी ते कळत नाही. पण निळ्या पट्टीवरचे लाल आकडे मोठे करून बघा, कडेने रंग सांडलेला दिसेल. पांढऱ्यावर काळं त्या मानाने खूप टिकतं.

यावर उपाय रेकॉर्डिंगच्या आधीच करायचा असतो. ज्या सॉफ्टवेअरचं रेकॉर्डिंग करायचं त्यातलाच झूम 150 टक्के करा, किंवा विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मोठं करा, म्हणजे अक्षरं मुळातच जास्त पिक्सेलांची होतात. माझे 14 पिक्सेल हे असं करूनच मिळालेले आहेत, आधी ते नऊ-दहाच होते. काकांच्या उभ्या फोनवर आता अडीच पटीने आकडा सव्वा मिलिमीटरच्या आसपास येतो. फोन आडवा धरला तर त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट. आणखी मोठं हवं असेल तर पट वाढवण्याआधी तुकडा अरुंद कापावा, रिकामा पांढरा भाग कशाला मोठा करायचा?

असे दहा-पंधरा व्हिडिओ करायचे असतील, आणि सगळ्यांत टॅक्सची जागा तीच असेल, तर कमांडने काम लवकर होतं. ज्यांच्याकडे `ffmpeg` हे कमांडने चालणारं व्हिडिओचं सॉफ्टवेअर आहे त्यांच्यासाठी:

```
ffmpeg -i bill.mp4 -filter_complex "[0:v]split[a][b];[b]crop=400:160:1400:820,scale=1000:400,pad=1012:412:6:6:yellow[c];[a][c]overlay=754:154:enable='between(t,12.5,18)'" -c:a copy bill2.mp4
```

यात वजाबाकी लागत नाही, कारण `crop` इथे काच खरोखरच कापतो. हातात फक्त 400 बाय 160 चा तुकडा उरतो, तो मोठा करायचा, `pad` ने कड द्यायची आणि `overlay` ने जागेवर ठेवायचा. प्रत वेगळी ठेवावी लागत नाही, म्हणून वेळ सरकत नाही आणि आवाजही एकदाच येतो. हलकेच येणं मात्र यात नाही. चौकट एकदम येते आणि एकदम जाते.

शेवटचा घोळ पाठवताना होतो. एवढं सगळं करून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो, आणि बारीक अक्षरांचाच पहिला बळी जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी पोचते. दुसऱ्या वेळी मी तसाच पाठवला. काकांनी संध्याकाळी फोन केला.

"आता दिसतंय. पाचशे-पाचशे गेले, हजार आले. पण मॅडम, ते पिवळं खाली पण आहे, वर पण आहे. टॅक्स दोनदा लागतोय व्हय?"

खालच्या चौकटीपासून वरच्या चौकटीपर्यंत एक पिवळी रेघ ओढायची राहिली होती.